दुसऱ्या कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे

गेले काही आठवडे सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या गल्ल्यांपासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत, एकच विषय हिरिरीने बोलला जातो आहे. आखातात गेलेल्या आपल्या मुलांचं काय होतं आहे? सौदी अरेबियात दम्मामला अडकलेल्या, तिथे पोहोचल्यावर कमी पगाराच्या दुसऱ्याच करारावर सही करून बसलेल्या एका तरुणाने घरी पाठवलेला रडवेला आवाज हाताहाती फिरला आणि गावात दोन तट पडले. एक तट म्हणतो, बोगस एजंटांना धरून चोपा, म्हणजे प्रश्न मिटेल. दुसरा म्हणतो, पोरगा काही कुक्कुलं बाळ नव्हता, सही त्यानेच केली, आता निस्तरावं. मला दोन्ही बाजू सारख्याच चुकीच्या वाटतात, कारण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे. करार बदलणं म्हणजे एखाद्या लबाडाची करामत किंवा एखाद्या अडाण्याची चूक, असं ते समजतात. माझं म्हणणं असं आहे की ही या धंद्याची रीत आहे. सरकारी परवाना असलेल्या एजंटाच्या वाटेनेही ती बिनदिक्कत चालते. आणि अंगावर कर्ज आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात, अशा स्थितीत परक्या देशात केलेल्या सहीला संमती म्हणणं आंतरराष्ट्रीय कायद्यातही बसत नाही आणि आपल्या राज्यघटनेतही नाही.

ज्या मुलावरून हे सगळं सुरू झालं, त्याचे कागद मी पाहिले आहेत. त्याच्या वडिलांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहेत. पहिला कागद मुंबईच्या परवानाधारक भरती एजंटाने दिलेला. हुद्दा गवंडी, पगार महिना १५०० रियाल, जेवणासाठी वेगळे ३०० रियाल, दिवसाचे आठ तास, मुदत दोन वर्षं. याच करारावर केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेतून त्याला परदेशी नोकरीची मंजुरी मिळाली. दुसरा कागद अरबीत आहे आणि त्याखाली इंग्रजी मजकूर आहे. दम्मामला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी कंपनीच्या कॅम्प ऑफिसात, सिमकार्डाच्या फॉर्मसोबत त्याच्यापुढे तो ठेवला गेला. त्यात हुद्दा साधा मजूर, पगार १००० रियाल, जेवणाचं नाव नाही. तिसरा कागद म्हणजे एजंटाची पावती, ३५,४०० रुपयांची. ही रक्कम कशी येते ते पाहण्यासारखं आहे. आपल्या नियमांप्रमाणे एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेता येतं, त्यावर अठरा टक्के जीएसटी. पावती कायद्याच्या मापात अगदी नीट बसवलेली आहे. प्रत्यक्षात त्या घरातून १,१०,००० रुपये गेले. उरलेले ७४,६०० रुपये सोलापुरातल्या सबएजंटाने रोख घेतले, आणि त्यांचा कुठे कागद नाही.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटली ती व्हिसाची प्रत. व्हिसावर हुद्दा अरबीत छापलेला असतो, म्हणून तो कुणी वाचत नाही. अरबी येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाकडून मी तो वाचून घेतला. तिथे गवंडी नव्हतं, मजूर होतं. म्हणजे दम्मामच्या कॅम्पात ऐनवेळी काही बदललं नव्हतं. मुलगा विमानात बसण्याआधीच, व्हिसा लागला त्या दिवशी, त्याला गवंडी म्हणून ठेवायचं नाही हे ठरलेलं होतं. पहिला करार मंजुरी मिळवण्यासाठी होता, दुसरा काम करवून घेण्यासाठी. कुणाला घरच्या माणसाचे कागद तपासायचे असतील तर सुरुवात इथून करा. करारातला हुद्दा आणि व्हिसावरचा हुद्दा जुळत नसेल, किंवा करार विमानतळावर हातात देऊ असं एजंट म्हणत असेल, तर दुसरा कागद कुठेतरी तयार आहे असं समजायला हरकत नाही.

आता दुसऱ्या तटाचं सर्वांत बळकट म्हणणं घेऊ. माणूस सज्ञान आहे, कागद पुढे आला, त्याने सही केली. मुलाच्या वडिलांनीही मला हेच सांगितलं, तेही मान खाली घालून: "सही तर त्येनंच केलीय की ओ, आता कुणाला काय म्हणायचं?" करार पाळायचा असतो हे तत्त्व मला मान्य आहे. त्याशिवाय कोणताही व्यवहार चालणार नाही. पण हा युक्तिवाद नवा नाही, आणि त्याला उत्तर देणारा माणूस आपलाच होता. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात गिरमिटिया मजुरांची, म्हणजे करारात बांधून परदेशी मळ्यांवर नेल्या जाणाऱ्या मजुरांची, भरती बंद करण्याचा ठराव मांडला. त्याच्या विरोधातला बचाव आजच्या बचावासारखाच होता. लोक स्वखुशीने जातात, करार अधिकाऱ्यासमोर होतो, मजुरांच्या रक्षणासाठी बंदरावर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स बसलेला आहे, आणि तिकडे गेलेल्याला इथल्यापेक्षा जास्त मिळतं. गोखल्यांनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी. ज्या कायद्याखाली आपण बांधले जाणार आहोत, काम सोडलं तर तुरुंगात जावं लागेल, हे ज्याला सांगितलेलंच नाही, त्याने केलेला करार मोकळा करार कसा? ठराव त्या दिवशी फेटाळला गेला. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, सरकारला ती भरती थांबवावी लागली. शंभर वर्षं उलटून गेली तरी मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम तेच आहे आणि सहीचा बचावही तोच.

मग चौथ्या दिवशी त्या मुलाला नाही म्हणता आलं असतं का? नाही म्हटलं तर निवास परवाना अडणार होता. पासपोर्ट कंपनीकडे जमा होता. काम सोडून बाहेर पडला तर मालक 'पळून गेला' अशी नोंद करणार, आणि त्या नोंदीने माणूस त्या देशात बेकायदा ठरतो. आणि सोलापुरात सावकाराकडे शेकडा तीन व्याजाने काढलेले एक लाख दहा हजार महिन्याला वाढत होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३० च्या सक्तमजुरीविषयक कराराची व्याख्या दोन अंगांची आहे: शिक्षेच्या धाकाखाली करून घेतलेलं काम, आणि ज्यासाठी माणूस आपणहून पुढे आलेला नाही असं काम. फसवून मिळवलेली तयारी ही आपणहून पुढे येणं नव्हे, असं त्या संघटनेच्या तज्ज्ञांनी सातत्याने धरलं आहे. मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा प्रोटोकॉल तर स्पष्टच सांगतो की शोषणासाठी फसवणूक किंवा बळजबरी वापरली गेली असेल, तर पीडिताने दिलेली संमती गैरलागू आहे. भारताने तो २०११ मध्ये स्वीकारला. आणि बाहेरचा कायदा नको असेल तर घरचा घ्या. दिल्लीतल्या एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटनेच्या कलम २३ मधली सक्ती ही दंडुक्याचीच असायला हवी असं नाही. दुसरा पर्यायच उरू न देणारी आर्थिक नडही सक्तीच आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे न्यायालयाने समजावून सांगावं लागू नये. ऊसतोडणीची उचल इथे कुणाला ठाऊक नाही? मुकादमाकडून पैसे आधी घेतले की हंगामभर टोळी त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. परदेशी भरतीत तर हेच उलटं आणि जास्त वाईट घडतं. उचल घेणाऱ्याच्या हातात निदान पैसे तरी पडतात. इथे कामगारच पैसे देतो आणि वर स्वतःच बांधला जातो.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे आणि तो प्रामाणिक माणसं घेतात. हजार रियाल म्हणजे बावीस हजार रुपये झाले, मागावर एवढे सुटतात का? बहुतेकांना सुटत नाहीत, हे खरं आहे. म्हणूनच लोक जातात आणि जाणारच. जाऊ नका असं सांगणारा मी कोण? पण पगाराचा आकडा इथल्या मजुरीशेजारी ठेवून हिशेब होत नाही, तो कर्जाशेजारी ठेवावा लागतो. रियालला बावीस रुपये धरू. तिकडचं जेवणखाण आणि वरखर्च महिना ३०० रियाल. पहिला करार पाळला गेला असता तर त्याने महिन्याला १५०० रियाल, म्हणजे ३३,००० रुपये, घरी पाठवले असते. घरखर्चाला १०,००० ठेवून २३,००० सावकाराला गेले असते, तर मुद्दल आणि व्याज सहाव्या महिन्यात फिटलं असतं. दुसऱ्या करारात तो ७०० रियाल पाठवतो, म्हणजे १५,४००. घरखर्च तेवढाच, सावकारासाठी उरतात ५,४००. त्यातले पहिल्या महिन्यात ३,३०० नुसतं व्याज. या गतीने कर्ज फिटायला बत्तीस महिने लागतात, आणि करार आहे चोवीस महिन्यांचा. म्हणजे दोन वर्षं राबून, एकही दिवस न खाडा करता, तो परत येईल तेव्हाही देणेकरीच असेल. दोन कागदांमधला फरक महिन्याला ८०० रियाल, दोन वर्षांत चार लाख बावीस हजारांच्या वर जातो. हे पैसे कुणाच्या तरी खिशात गेले आहेत. जास्त मिळतात ना, मग गप्प बसा, हा सल्ला देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

इथेच भरती शुल्काचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते गाठ तीच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा खासगी भरती संस्थांविषयीचा १९९७ चा करार सांगतो की कामगाराकडून शुल्क घेऊ नये, थेट नाही आणि आडवळणानेही नाही. ज्याला माणूस हवा आहे त्या मालकाने भरतीचा खर्च सोसावा. भारताने हा करार स्वीकारलेला नाही, आपण तीस हजारांची मुभा ठेवली आहे. त्या मुभेमुळे घडतं असं की तीस हजारांची पावती पाऊण लाखाच्या रोकड्याला झाकण घालते. पण शुल्क शून्य करून टाका, एवढं म्हणूनही भागत नाही, हे मला कबूल करावं लागेल. नेपाळने २०१५ साली आखात आणि मलेशियासाठी 'मोफत व्हिसा, मोफत तिकीट' धोरण आणलं आणि एजंटाला दहा हजार नेपाळी रुपयांपेक्षा जास्त घ्यायला बंदी केली. पावत्या दहा हजारांच्या झाल्या, वरचे पैसे चालूच राहिले. नियम कामगाराच्या बाजूचा, पण सिद्ध करण्याचा भार मात्र कामगारावरच. रोख दिलेले पैसे तो कसे सिद्ध करणार?

हा भार फिरवता येतो. कतारमध्ये २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या कामांवर कामगारांनी भरलेलं भरती शुल्क परत देण्याची योजना आयोजकांनी कंत्राटदारांकडून राबवून घेतली. तिथे कामगाराकडे पावती मागितली गेली नाही. त्याने पैसे भरले नाहीत हे दाखवण्याची जबाबदारी कंत्राटदारावर होती. ती योजना थोड्याच कामगारांपर्यंत पोहोचली आणि त्या स्टेडियमांच्या बाहेर लाखो लोक कोरडेच राहिले, तरीही तिने एक गोष्ट दाखवून दिली: पावती नसणं हा परतफेड नाकारण्याचा आधार असायलाच हवा असं नाही.

तिसरा आक्षेप दिल्लीत जास्त ऐकू येतो. अटी कडक केल्या तर मालक बांगलादेश, नेपाळकडे वळतील. या भीतीने आपण एकदा पाऊल उचलून पाहिलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या काळात, केंद्र सरकारने आखाती देशांसाठीचं किमान संदर्भ वेतन, म्हणजे ज्याखाली करार मंजूरच होऊ नये असा आकडा, ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणला. त्याविरुद्ध तेलंगणातल्या लोकांनी उच्च न्यायालय गाठलं आणि २०२१ मध्ये जुने दर परत आले. पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे सोयरे करीमनगर, सिरसिल्ल्याकडचे आहेत, आणि आखाताची वाट तिकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्यामुळे हा लढा तिकडून उभा राहिला यात नवल नाही. महाराष्ट्रातून मात्र त्या वेळी काही हाक ऐकू आली नाही. स्पर्धेचं म्हणाल तर फिलिपिन्सकडे पाहा. त्या देशाने १९९५ च्या कायद्यात दोन गोष्टी लिहून ठेवल्या. सरकारने तपासलेला करार कामगाराच्या तोट्याने बदलणं ही बेकायदा भरती ठरते. आणि परदेशातल्या मालकाने थकवलेल्या पैशांना मायदेशातली भरती संस्था मालकाइतकीच जबाबदार असते. कामगार मनिलात परततो, तिथल्याच न्यायाधिकरणात दावा लावतो आणि एजन्सीकडून वसूल करतो. म्हणून जगाने फिलिपिनो कामगार घेणं बंद केलं का? आखातातली इस्पितळं, हॉटेलं आणि जहाजं पाहिलेल्या कुणालाही विचारा.

चौथा आक्षेप वकील मंडळींचा. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार भारताने स्वीकारलेला नाही आणि आखातातल्या एकाही देशाने नाही. मग त्याचा दाखला कशाला? हे वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे. निघण्यापूर्वी वेतन आणि कामाच्या अटी लिहिलेला करार कामगाराच्या हाती द्यावा असं सांगणारा श्रम संघटनेचा १९४९ चा करारही आपण स्वीकारलेला नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? सक्तमजुरीविषयक १९३० चा करार भारताने १९५४ साली स्वीकारला आहे आणि आखातातल्या सहाही देशांनी स्वीकारला आहे. तेवढी सामाईक जमीन पुरेशी आहे. त्याच जोरावर कामगार प्रतिनिधींनी २०१४ मध्ये श्रम संघटनेकडे कतारविरुद्ध तक्रार केली. ती २०१७ मध्ये मिटली ती कायदे बदलण्याच्या हमीवर, आणि पुढे मालक बदलण्यासाठी आधीच्या मालकाच्या परवानगीची अट तिथे गेली. भारतातून जाणाऱ्याचा करार मुंबईसारख्या शहरातल्या कतार व्हिसा केंद्रातच, त्याच्या भाषेत समोर ठेवून सही करून घेण्याची पद्धतही तेव्हाच्याच सुधारणांमधली. संयुक्त अरब अमिरातीत २०१६ पासून कामगाराने निघण्यापूर्वी सही केलेलं प्रस्तावपत्रच पुढच्या कराराचा आधार धरलं जातं आणि त्याच्या तोट्याचा बदल नोंदवला जाऊ नये असा नियम आहे. पळवाटा दोन्हीकडे आहेत. लोकांना भेटीच्या व्हिसावर नेलं की ही सगळी व्यवस्था बाजूला पडते. पण पहिला कागद हाच खरा कागद, हे तत्त्व मालकांच्या देशांनीही लिहून ठेवलं आहे. मग ते आपल्या कायद्यात का नसावं?

परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांविषयीचा आपला कायदा १९८३ चा. परवाना हवा, बँक हमी हवी (मोठ्या एजंटाला ५० लाख, छोट्याला ८ लाख), करार ई-मायग्रेटवर चढवायला हवा, एवढं तो पाहतो. मंजुरीचा शिक्का बसला की त्या करारावर कुणाची नजर राहत नाही. आणि जो दहावी पास आहे, त्याच्या पासपोर्टला ही मंजुरीच लागत नाही, म्हणजे त्याचा पहिला करार सरकारदरबारी नोंदलेला असेलच असं नाही. आपल्या पोरांना दहावी करायला लावणाऱ्या आईबापांना हे कुणी सांगितलं आहे? माझी मागणी त्यामुळे अगदी मोजकी आहे. ई-मायग्रेटवर नोंदलेला करार हाच वसुलीचा आधार धरावा, दहावी पास उमेदवाराचा करारही तिथे यावा, आणि त्या कराराखाली जेवढं कमी मिळालं तेवढं मुंबईच्या परवानाधारक एजंटाच्या हमीतून इथे, भारतात, वसूल व्हावं. कमी दिलं नाही हे त्याने सिद्ध करावं. सबएजंट आमचा माणूस नाही, ही पळवाटही बंद व्हावी. पैसे ज्याच्यासाठी गोळा झाले, तो त्याला जबाबदार.

कायदा बदलेपर्यंत काही करता येत नाही, हेही खरं नाही. त्या मुलाचे वडील पोलिसांकडे गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की या कायद्याखाली खटल्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागते, तेव्हा थांबा. कलम २७ चा पहिला भाग तसाच आहे. पण त्याच कलमाच्या परंतुकात म्हटलं आहे की तक्रार स्वतः स्थलांतरिताने किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पत्नी, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणी केली, तर त्या परवानगीची गरज नाही. सोबत पहिला करार, दुसरा करार, व्हिसाची प्रत, पावती आणि बँकेतून रक्कम काढल्याची नोंद जोडावी. हाच संच परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात द्यावा, म्हणजे प्रकरण कौटुंबिक गाऱ्हाणं म्हणून फाईलबंद होत नाही. सबएजंटाने आता चाळीस हजार परत देतो म्हणून निरोप धाडला आहे, अट एकच, 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून द्यायचं. वडिलांनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं की पैसे देत असेल तर घ्या, पण ते घेतल्याची पावती द्या आणि तीत एकूण दिलेल्या एक लाख दहा हजारांपैकी उरलेले सत्तर हजार येणे आहेत असं लिहा. मुलगा परत येईपर्यंत आणि पगाराचा हिशेब होईपर्यंत तक्रार मागे घ्यायची नाही.